एका वेळी किती मागवायचे?

कारखान्याच्या स्टोअरमध्ये रोज एक प्रश्न निघतो. माल संपत आला आहे, आता ऑर्डर किती नगांची द्यायची? थोडा मागवला तर पुन्हा पुन्हा ऑर्डर, पुन्हा पुन्हा टेम्पोचे भाडे. एकदम भरपूर मागवला तर गोदाम भरते, पैसा अडकतो आणि बँकेचे व्याज चालू राहते. या प्रश्नाला गणिताने दिलेले पहिले नेमके उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने ते फेब्रुवारी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात मांडले. लेखाचे शीर्षकच ‘एका वेळी किती भाग बनवावेत’ अशा अर्थाचे होते.

हॅरिसच्या लेखाचा प्रवास चमत्कारिक आहे. पुढे आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये साठ्याच्या नियंत्रणावर लेख लिहिला, ही पद्धत अनेक कंपन्यांपर्यंत पोचवली आणि पुष्कळ ठिकाणी सूत्राला विल्सनचेच नाव चिकटले. हॅरिसचा मूळ लेख अनेक दशके जवळजवळ कुणाच्या वाचनात नव्हता. संदर्भ देणारेही चुकीचे साल देत राहिले. डोनाल्ड अर्लेनकोटर या अभ्यासकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो शोधून पुन्हा उजेडात आणला. आज हे सूत्र ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’ किंवा ईओक्यू या नावाने वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. विद्यार्थी ते पाठ करतात. ते कुठून आले आणि खरेदीच्या टेबलावर ते कुठे फसते, हे मात्र बहुतेकांना शिकवले जात नाही.

उदाहरणासाठी सांगली जिल्ह्यातला एक छोटा मसाला उद्योग डोळ्यांसमोर आणू. मसाल्याची पाकिटे भरून पाठवण्यासाठी त्याला वर्षाला १२,००० पुठ्ठ्याची खोकी लागतात. एक खोके ३० रुपयांना मिळते. प्रत्येक ऑर्डरमागे साधारण १,००० रुपये खर्च होतात. त्यात ७०० रुपये टेम्पोचे भाडे आणि ३०० रुपये माल तपासणे, बिलाची नोंद, पैसे चुकते करणे यांचे. साठा सांभाळायचा खर्च खोक्याच्या किमतीच्या २० टक्के धरू. त्यात कॅश क्रेडिटचे व्याज, जागा, विमा आणि थोडी मोडतोड आली. म्हणजे एक खोके वर्षभर गोदामात पडून राहिले तर ६ रुपये.

आता दोन खर्च समोरासमोर ठेवू. एका वेळी १,००० खोकी मागवली तर वर्षात १२ ऑर्डरी होतील आणि त्यांचा खर्च १२,००० रुपये येईल. माल आला की साठा १,००० असतो, वापरत वापरत शून्यावर येतो. म्हणून गोदामात सरासरी ५०० खोकी राहतात आणि त्यांचा खर्च ३,००० रुपये होतो. बेरीज १५,०००. एका वेळी ४,००० मागवली तर चित्र उलटते. ऑर्डरी तीनच, खर्च ३,००० रुपये. सरासरी साठा २,००० खोकी, खर्च १२,००० रुपये. बेरीज पुन्हा १५,०००. अर्थात सर्वांत स्वस्त आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असला पाहिजे.

तो शोधायला कॅल्क्युलस वापरता येते, पण त्यावाचूनही काम भागते. वरच्या दोन्ही वेळी ऑर्डरचा खर्च आणि साठ्याचा खर्च यांचा गुणाकार करून पाहा. १२,००० गुणिले ३,००० म्हणजे ३ कोटी ६० लाख. ३,००० गुणिले १२,००० म्हणजेही ३ कोटी ६० लाख. एका वेळी ३,००० खोकी मागवली तर ऑर्डरचा खर्च ४,००० आणि साठ्याचा ९,००० रुपये, गुणाकार तोच. हा योगायोग नाही. मागवायचे नग दुप्पट केले की ऑर्डरचा खर्च निम्मा होतो आणि साठ्याचा खर्च दुप्पट होतो, त्यामुळे गुणाकार जागचा हलत नाही.

मग प्रश्न एवढाच उरतो की गुणाकार ठरलेला असताना दोन आकड्यांची बेरीज सर्वांत कमी केव्हा असते? शेतकऱ्याला याचे उत्तर कुंपण घालताना मिळते. एक गुंठा जमीन ३३ फूट बाय ३३ फूट अशी चौरस असेल तर कुंपण १३२ फूट लागते. तोच एक गुंठा ११ फूट बाय ९९ फूट अशा लांबट पट्टीत असेल तर कुंपण २२० फुटांवर जाते. क्षेत्रफळ तेच, पण दोन्ही बाजू सारख्या असताना कुंपण सर्वांत कमी. त्याच न्यायाने ऑर्डरचा खर्च आणि साठ्याचा खर्च जिथे सारखे होतात, तिथे एकूण खर्च सर्वांत कमी असतो.

वर्षाची गरज D, एका ऑर्डरचा खर्च S, एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च h आणि एका वेळी मागवायचे नग Q असे मानले, तर दोन्ही खर्च सारखे असणे म्हणजे:

```
D × S / Q = Q × h / 2
Q = √(2 × D × S / h)
```

आपल्या उदाहरणात १२,०००, १,००० आणि ६ हे आकडे घातले की वर्गमुळातून बरोबर २,००० बाहेर पडतात. वर्षात सहा ऑर्डरी, ६,००० रुपये. सरासरी साठा १,००० खोकी, ६,००० रुपये. एकूण १२,००० रुपये, आणि याहून स्वस्त आकडा नाही.

या सूत्राचा एक गुण खरेदी करणाऱ्याने नीट ओळखून ठेवावा. ते आकड्यांच्या चुका फार सोसते. २,००० ऐवजी ३,००० खोकी मागवली, म्हणजे तब्बल दीडपट, तरी खर्च १२,००० वरून १३,००० वर जातो. वाढ आठ टक्क्यांच्या आसपास. १,५०० मागवली तर १२,५००. ऑर्डरचा खर्च दुप्पट धरण्याची चूक झाली, तरी वर्गमुळामुळे मागणी ४१ टक्क्यांनीच वाढते आणि एकूण खर्च सुमारे सहा टक्क्यांनी. खर्चाचा आलेख तळाशी परातीसारखा सपाट आहे, थोडे इकडेतिकडे सरकल्याने फारसे बिघडत नाही. म्हणून २,००० आला तरी गठ्ठ्यांच्या हिशेबाने १,८०० किंवा २,२५० मागवावेत, काही हरकत नाही.

पण सूत्र जे आकडे सोसते ते त्याच्या आतले. ज्या गोष्टी त्याने विचारातच घेतलेल्या नाहीत, त्यांच्या चुका ते सोसत नाही. मालाचा खप वर्षभर एकसारखा आहे, माल ठरल्या दिवशी येतो, किंमत नगांवर अवलंबून नाही, प्रत्येक वस्तूची ऑर्डर स्वतंत्र आहे आणि ऑर्डरचा खर्च कायमचा ठरलेला आहे, ही गृहीतके सूत्राच्या पोटात आहेत. सगळे बारकावे आपण हिशेबात घेतलेले नाहीत, हे हॅरिसनेही आपल्या लेखात सांगून ठेवले होते. प्रत्यक्ष खरेदीत ही गृहीतके एकेक करून ढासळतात.

सुरुवात अगदी पायापासून करू, कारण पहिली गडबड ऑर्डरच्या खर्चातच होते. अनेक ठिकाणी हिशेबनीस खरेदी विभागाचा वर्षाचा सगळा खर्च, पगारासकट, एकूण ऑर्डरींच्या संख्येने भागतात आणि येणारा आकडा S म्हणून घालतात. ऑर्डरी निम्म्या केल्या म्हणून खरेदी अधिकाऱ्याचा पगार निम्मा होतो का? होत नसेल तर तो पगार या सूत्रात यायलाच नको. हमालीचेही तसेच. हमाली नगावर किंवा वजनावर दिली जात असेल, तर १२,००० खोकी सहा खेपांत उतरवली काय किंवा बारा खेपांत, एकूण हमाली तेवढीच. S मध्ये फक्त तोच खर्च येतो, जो एक ऑर्डर वाढली की वाढतो आणि एक कमी झाली की वाचतो. साठ्याच्या खर्चालाही हाच नियम. गोदाम स्वतःचे असून निम्मे रिकामे असेल, तर जागेचा खर्च आज शून्य आहे; ते भरून बाहेर जागा भाड्याने घ्यायची वेळ आली की तोच खर्च एकदम उडी मारतो.

दुसरे गृहीतक किमतीचे. खोकी बनवणारा सांगतो, ‘एकदम ५,००० घेतलीत तर २९ रुपयांनी देतो.’ आता वरचे सूत्र गप्प बसते, कारण त्याच्या लेखी किंमत हलतच नाही. इथे पूर्ण वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. २,००० च्या ऑर्डरीने खोक्यांची किंमत ३,६०,००० आणि वरचा खर्च १२,०००, मिळून ३,७२,००० रुपये. ५,००० च्या ऑर्डरीने किंमत ३,४८,०००. ऑर्डरी वर्षाला सरासरी २.४, म्हणजे २,४०० रुपये. सरासरी साठा २,५०० खोकी आणि दर खोक्याला ५ रुपये ८० पैसे, म्हणजे १४,५०० रुपये. एकूण ३,६४,९००. वर्षाला ७,१०० रुपये वाचतात. कागदावर ५,००० चा सौदा फायद्याचा.

मात्र ५,००० खोकी म्हणजे पाच महिन्यांचा माल. तो मे महिन्यात आला तर सगळा पावसाळा गोदामात काढणार. पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो आणि त्याची ताकद उतरते. थप्पीतली खालची खोकी दबतात, कडा मऊ पडतात, आणि भरलेली खोकी ट्रकमध्ये एकावर एक रचली की हे उघड होते. ७,१०० रुपयांत २९ रुपयांची सुमारे २४५ खोकी येतात. वर्षाच्या १२,००० पैकी दोन टक्क्यांहून थोडी जास्त खोकी वाया गेली की सवलतीचा सगळा फायदा संपला. शिवाय सूत्र मानते की साठा सांभाळण्याचा खर्च काळाच्या प्रमाणात सरळ वाढतो. ओलाव्याचे नुकसान तसे वाढत नाही. सुरुवातीला ते फारसे जाणवत नाही आणि माल दीर्घकाळ पडून राहिला की एकदम जाणवते. २,००० ची ऑर्डर दोन महिन्यांत संपते, म्हणून त्या टप्प्यापर्यंत ती पोचतच नाही.

छापील वेष्टनाच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि अनेक वस्तूंच्या छापील किमती बदलाव्या लागल्या. ज्यांच्याकडे महिन्याभराचे वेष्टन होते आणि ज्यांच्याकडे वर्षभराचे होते, त्यांच्या अडचणीत फार फरक होता. वस्तू ‘जुनी’ होण्याचा खर्च टक्केवारीत आधी सांगता येत नाही. म्हणून छापील मालाला ईओक्यूपेक्षा साधा नियम बरा: अमुक महिन्यांहून जास्त साठा नको.

सर्वांत महागडे मात्र तिसरे गृहीतक आहे. खप एकसारखा आणि माल ठरल्या दिवशी हजर, हे ते गृहीतक. ईओक्यू किती मागवायचे ते सांगते, केव्हा मागवायचे ते सांगत नाही. ते स्टोअरकीपर वेगळे ठरवतो. आपल्या उद्योगात महिन्याला सरासरी १,००० खोकी लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे ३३. माल यायला १० दिवस लागतात. तेव्हा साठा ३३० वर आला की ऑर्डर द्यायची, असा ठोकताळा बसवला जातो. सरासरीच्या हिशेबाने तो चोख आहे.

परंतु मसाल्याचा खप सरासरीने होत नाही. समजा, मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत महिन्याला २,००० खोकी लागतात आणि उरलेल्या नऊ महिन्यांत सुमारे ६६७. खपातल्या या चढउतारापायी ऑर्डरचा आकडा फारसा चुकत नाही. हंगामात सूत्र सुमारे २,८०० सांगेल, एरवी सुमारे १,६००, आणि परातीच्या सपाट तळामुळे २,००० वर अडून बसले तरी तोटा किरकोळच. नुकसान होते ते दुसरीकडे. तासगाव-सांगलीच्या पट्ट्यात द्राक्षाचा हंगामही याच सुमारास असतो आणि खोकी बनवणाऱ्यांकडे द्राक्षाच्या पेट्यांची रांग लागते. १० दिवसांत येणारा माल २० दिवसांवर जातो, असे धरू. हंगामात रोज ६७ खोकी लागतात. साठा ३३० वर आल्यावर ऑर्डर दिली, तर तो पाच दिवसांत संपतो आणि माल विसाव्या दिवशी येतो. पंधरा दिवस मसाला तयार आहे, गिऱ्हाईक तयार आहे आणि भरायला खोकी नाहीत.

त्या पंधरा दिवसांत सुमारे १,००० खोक्यांचा माल अडतो. एका खोक्यातल्या मालावर १०० रुपये नफा धरला आणि निम्मी विक्री नंतर भरून निघाली असे मानले, तरी ५०,००० रुपये गेले. ज्या सूत्राने वर्षाच्या खर्चात दोन-तीन हजारांचा फरक पाडला, त्याच्या जवळपास ही रक्कम कुठेच दिसत नव्हती, कारण माल संपण्याचा खर्च ईओक्यूच्या समीकरणात लिहिलेलाच नाही.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. हंगामाचे तीन महिने ऑर्डर देण्याची पातळी ३३० वरून १,३४० वर न्यायची, म्हणजे वीस दिवसांच्या गरजेइतकी. समजा सप्लायरने माल वेळेवर दिला आणि १,००० खोकी तिन्ही महिने जादा पडून राहिली, तर त्यांचा खर्च महिन्याला खोक्यामागे ५० पैशांप्रमाणे जास्तीत जास्त १,५०० रुपये. हंगाम संपला की पातळी पुन्हा खाली आणायची. खप महिन्यागणिक माहीत असेल, तर कोणत्या महिन्यात किती मागवायचे याची नेमकी गणिती रीतही आहे. ती वॅग्नर आणि व्हिटिन यांनी १९५८ मध्ये दिली. छोट्या उद्योगाला तेवढे खोलात जाण्याची गरज नसते. मागच्या दोन हंगामांची वही आणि सप्लायरच्या प्रत्यक्ष पोचवणीच्या तारखा एवढ्यावर भागते.

चौथे गृहीतक प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र ऑर्डरीचे. या उद्योगाला लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापांची खोकी लागत असतील, तिन्हींचे आकडे वरच्यासारखेच असतील आणि बनवणारा एकच असेल, तर सूत्र तीनदा वापरून वर्षाला ३६,००० रुपये खर्च येतो. तिन्ही मापे एकाच टेम्पोत आणली तर भाडे एकदाच ७०० रुपये, वर प्रत्येक मापाचे ३००, म्हणजे खेपेला १,६०० रुपये. वर्षात आठ खेपा केल्या तर ऑर्डरीचा खर्च १२,८०० आणि साठ्याचा १३,५००, मिळून २६,३०० रुपये. जवळजवळ १०,००० रुपये वाचले. प्रत्येक माप एका वेळी १,५०० नग येते, एकट्या मापाच्या हिशेबापेक्षा कमी. साठाही घटला आणि खर्चही. अट एकच, टेम्पोत ४,५०० घडी केलेली खोकी बसली पाहिजेत.

या उदाहरणात शेवटच्या गृहीतकाचीही चाहूल आहे. S हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तो कमी करता येतो. १९१३ पासून अनेक दशके कारखाने S दिलेला आहे असे मानून Q शोधत बसले. जपानमध्ये टोयोटाने शिगेओ शिंगो यांच्या मदतीने उलट वाट धरली. तिथल्या १,००० टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. १९६९ च्या सुमारास कामाची रीत बदलून तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला गेला. चार तासांचे तीन मिनिटे म्हणजे ऐंशी पटींनी कमी. सूत्रात S ऐंशीने भागला गेला की Q सुमारे नऊने भागला जातो. सूत्र तेच राहिले, पण त्याचे उत्तर मोठ्या लॉटवरून छोट्या लॉटवर आले आणि गोदामातला साठा त्यासोबत उतरला. खरेदीतही हे शक्य आहे. ऑर्डर फोनवर दोन मिनिटांत देता येणे, भरवशाच्या सप्लायरचा माल दर वेळी न तपासणे, शेजारच्या उद्योगाशी टेम्पो वाटून घेणे, या सगळ्यांचा परिणाम S वर होतो.

मग ईओक्यू वापरावे की नाही? जरूर वापरावे. खप बऱ्यापैकी स्थिर, किंमत एकच, न नासणारा माल आणि जवळचा सप्लायर असेल, तर बोल्ट, बेअरिंग, वंगण, साफसफाईचे सामान अशा वस्तूंसाठी ते आजही उत्तम काम देते. जिथे हंगाम आहे, सवलतीचे टप्पे आहेत, माल खराब होतो किंवा अनेक वस्तू एकत्र येतात, तिथे त्याचा आकडा सुरुवात म्हणून घ्यावा आणि पूर्ण वर्षाचा हिशेब वेगळा मांडावा. स्टोअर सांभाळणाऱ्यांनी ईओक्यू नगापर्यंत अचूक काढण्यात वेळ घालवू नये. दहा टक्क्यांच्या फरकाने खर्चात जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. त्याऐवजी प्रत्येक ऑर्डरपुढे दोन तारखा लिहाव्यात, ऑर्डर दिल्याची आणि माल गोदामात उतरल्याची. वर्षभराच्या या दोन रकान्यांतून केव्हा मागवायचे ते कळते, आणि मोठे नुकसान तिथेच टळते.